अण्णांचा काळ आला

आमच्या घरच्या ग्रुपवर ३४ माणसं आहेत. त्यातली रोज बोलणारी सहा, फक्त हात जोडणारी दहाबारा, आणि उरलेली आहेत की नाहीत हे कुणाचा वाढदिवस आला तरच कळतं. मागच्या वर्षी या ग्रुपवर पाऊण तासात जे काही झालं त्याची मी एक छोटी फिल्म लिहायला घेतली, सात मिनिटांची, म्हणजे लिहिताना तरी सातच मिनिटांची होती. मित्रांना तोंडी सांगितलं तेव्हा लोक गडाबडा लोळले, आणि कागदावर उतरवलं तर कुणी हसेना. का हसेना हे शोधता शोधता मला तो पाऊण तास मिनिटामिनिटाने परत बघावा लागला, एक्स्पोर्ट चॅट करून, प्रिंट काढून, पेन्सिलने खुणा करत. हे सगळं त्यातूनच आलेलं.

आधी माणसं सांगतो. अण्णा म्हणजे माझे थोरले काका, वय ८१, लग्न केलं नाही, धाकट्या भावाकडे म्हणजे भाऊकाकांकडे राहतात. शैलाआत्या या दोघांची बहीण. सतीशदादा भाऊकाकांचा मुलगा, वेगळ्या घरात राहतो, आणि मीनलवहिनी त्याची बायको. आणि मी. बाकीचे २८ जण तुम्ही समजून घ्या, प्रत्येकाच्या घरात ते असतात.

त्या दिवशी सकाळी अण्णा पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला गेले होते. म्हणजे आपण अजून जिवंत आहोत हे खिडकीपलीकडच्या माणसाला स्वतः जाऊन दाखवायचं. भाऊकाका त्यांना स्कूटरवरून सोडून घरी परत आले होते. ठरलं असं होतं की काम झालं की अण्णा कॉल करतील, मग भाऊकाका घ्यायला जातील. ११ वाजून ४२ मिनिटांनी अण्णांचा कॉल आला. भाऊकाकांनी एका पायात चप्पल घालता घालता ग्रुपवर कळवलं, कारण सकाळपासून आत्या दोनदा विचारत होती की झालं का अण्णांचं काम.

त्यांना लिहायचं होतं, 'अण्णांचा कॉल आला. आटोपलं सगळं. मी निघतोय.'

गेलं ते असं: 'अण्णांचा काळ आला. आटोपलं सगळं. मी निघतोय.'

आता इथे जरा थांबतो, कारण सगळे म्हणतात 'ऑटोकरेक्टने घोळ केला' आणि पुढे जातात, पण नेमकं काय झालं ते मजेशीर आहे. इंग्रजीतलं ऑटोकरेक्ट मुळात चुकलेलं स्पेलिंग दुरुस्त करतं. १९६४ साली फ्रेडरिक डॅमेराऊ नावाच्या माणसाने दाखवून दिलं होतं की स्पेलिंगच्या चुकांपैकी जवळपास ८० टक्के चुका चारच प्रकारच्या असतात, एक अक्षर चुकीचं, एक राहिलेलं, एक जास्तीचं, नाहीतर शेजारची दोन अदलाबदल झालेली. त्यामुळे मशीनला अंदाज बांधणं सोपं जातं. पण आपण इंग्रजी अक्षरं दाबून मराठी लिहितो तेव्हा भानगडच निराळी असते. तिथे चूक झालेलीच नसते! भाऊकाकांनी कॉलसाठी नेहमीप्रमाणे `kaal` टाइप केलं, कारण त्यांच्या तोंडात तो शब्द तसाच आहे. आता `kaal` म्हटल्यावर कीबोर्डने काय समजायचं? काल, काळ, काल्... वर पट्टीत तीन शब्द येतात, स्पेस दाबली की त्यातला जो आधीपासून निवडलेला असतो तो बसतो, आणि बसलेला प्रत्येक शब्द अगदी शुद्ध मराठी असतो. लाल रेघ नाही, काही नाही. चुकलंय हे कळायला शब्द नाही, वाक्य वाचावं लागतं, आणि चप्पल घालताना कोण वाचतंय.

बरं 'काल' बसला असता तरी चाललं असतं. 'अण्णांचा काल आला' हे वाचून कुणीही म्हणालं असतं की भाऊ काहीतरी चुकला. पण भाऊकाकांच्या फोनमध्ये 'काळ' पुढे होता. कीबोर्ड आपण कुठला शब्द निवडतो ते लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी तोच आधी दाखवतो, आणि भाऊकाका गेली चार वर्षं रोज सकाळी साडेसहाला स्वतः रचलेला सुविचार टाकतात. 'काळ कुणासाठी थांबत नाही.' 'काळ हेच उत्तर.' 'काळाच्या पोटात काय दडलंय.' मी मोजले, त्या एका वर्षात ५८ सुविचारांमध्ये काळ होता. म्हणजे कीबोर्डला त्यांनीच शिकवलं होतं. मशीनने उलट त्यांचा स्वभाव ओळखून मदत केली.

आणि पुढची दोन वाक्यं बघा ना. 'आटोपलं सगळं' हे बँकेच्या रांगेबद्दलही म्हणतात आणि माणसाबद्दलही म्हणतात. 'मी निघतोय' दोन्हीकडे चालतं. एक शब्द बदलला आणि पुढची दोन वाक्यं आपोआप त्या बाजूला जाऊन उभी राहिली. असला योगायोग मी लिहिला असता तर मलाच खोटा वाटला असता.

पहिली दोन मिनिटं ग्रुपवर काहीच नाही. मग कुणाचं तरी 'काय???' आणि मग शैलाआत्या.

आत्याचं माझं फार जमतं म्हणून सांगतो, तिने त्या दिवशी जे केलं ते अत्यंत शहाणपणाचं होतं. तिने विश्वास ठेवला नाही. तिने भाऊकाकांना फोन लावला, ते स्कूटरवर, खिशातला फोन वाजतोय त्यांना कळत नाही. अण्णांना लावला, लागला नाही. मग तिने ग्रुपवर लिहायला घेतलं, 'भाऊ, पूर्ण सांग'. हात थरथरत होते, चष्मा नव्हता, भाऊनंतर स्पेस द्यायची राहिली आणि `bhaupurn` असं एकत्र गेलं. कीबोर्डने प्रामाणिकपणे विचार केला आणि लिहिलं, भावपूर्ण.

आता मराठीत एकदा 'भावपूर्ण' लिहून झालं की पुढे काय येतं हे सांगायला कुठलंही शास्त्र लागत नाही. मागचा शब्द बघून पुढचा सुचवायचा हे तर कीबोर्डचं कामच आहे, आणि गेल्या दहा वर्षांत भावपूर्णनंतर कुणी 'सांग' लिहिल्याचं त्याला आठवत नव्हतं. आत्याने 'सांग'साठी `s` दाबेपर्यंत मधल्या खोक्यात तो शब्द येऊन बसला होता, आणि तिचा अंगठा तिथेच पडला.

११ वाजून ४७ मिनिटे. शैलाआत्या: 'भावपूर्ण श्रद्धांजली'.

माझ्या मते खरा घोळ इथे झाला, आधी नाही. भाऊकाकांचा मेसेज आला तेव्हा सगळे घाबरले होते पण कुणालाही खात्री नव्हती, प्रिंटमध्ये बघितलं तर तोवर सगळी प्रश्नचिन्हंच आहेत. पण सख्ख्या बहिणीने श्रद्धांजली वाहिल्यावर विचारायचं काय राहिलं? पुढच्या तीन मिनिटांत ११ जणांनी हात जोडले. त्यातल्या निम्म्यांनी वरचं वाचलंही नव्हतं हे नंतर कळलं, एका मावसभावाला तर वाटलं सुविचाराला हात जोडतायत. जोडलेल्या हातांचं हे एक आहे, आभार, नमस्कार, माफ करा, श्रद्धांजली, सगळ्याला तेच हात.

मी काय करत होतो? मी पहिल्या मेसेजचा स्क्रीनशॉट काढला आणि आम्हा चुलत-आते भावंडांच्या वेगळ्या ग्रुपवर टाकला. कारण 'त्यांना कळायला हवं'. मूळ मेसेज नंतर डिलीट करता येतो, बदलता येतो, पण स्क्रीनशॉट म्हणजे नुसता फोटो, मूळ मेसेजचं काहीही झालं तरी त्याला फरक पडत नाही. त्यामुळे जो मेसेज पुढे पंचेचाळीस मिनिटांत मूळ जागेवरून नाहीसा झाला तो माझ्या कृपेने अजूनही तीन देशांत आहे.

मग मीनलवहिनी. वहिनींवर या प्रकरणात सगळ्यात जास्त अन्याय झाला आणि त्या अजूनही माझ्याशी या विषयावर बोलत नाहीत, म्हणून जपून लिहितो. सतीशदादाने त्यांना खासगीत विचारलं होतं, 'वाचलंस का?' आणि त्याच वेळी ग्रुपवरही त्याने काहीतरी लिहिलं होतं. वहिनींनी व्हॉट्सॲप उघडलंच नाही, वरून पडदा ओढला, नोटिफिकेशनमध्ये सतीश दिसला, तिथूनच रिप्लाय दाबला आणि लिहिलं. त्यांना दिसलेला सतीश ग्रुपमधला होता.

११ वाजून ५५. मीनलवहिनी: 'अहो, अण्णांच्या कपाटाची किल्ली कुठे असते ते बाबांना आत्ताच विचारून ठेवा. नंतर विषय काढणं बरं दिसणार नाही.'

खरं सांगा, यात चूक काय आहे? अण्णांची औषधं, विम्याचे कागद, सगळं त्या कपाटात. अशा वेळी कागद लागतात. कुणीतरी हा विचार करायलाच हवा आणि नवऱ्याला खासगीत सांगायला हवा, वहिनींनी तेच केलं. आणि 'बरं दिसणार नाही' हा तर अगदी समंजस विचार. फक्त तो ३४ जणांनी वाचला.

वहिनींना लगेच कळलं. त्यांनी मेसेजवर बोट दाबून धरलं, डिलीट केलं, पुढे दोन पर्याय आले, आणि घाईत 'सगळ्यांसाठी' ऐवजी 'फक्त माझ्यासाठी' दाबला गेला. याहून वाईट बटण जगात नाही. त्यांच्या स्क्रीनवरून मेसेज गेला. बाकी सगळ्यांच्या स्क्रीनवर तो जसाच्या तसा. पाच सेकंद खाली 'अनडू' येतं, पण सुटलो म्हणून त्यांनी तेवढ्यात फोन ओट्यावर ठेवून दिला होता. आता त्यांना तो सगळ्यांसाठी पुसताही येणार नव्हता कारण त्यांच्याकडे पुसायला मेसेजच उरला नव्हता. ग्रुपचा ॲडमिन कुणाचाही मेसेज काढू शकतो खरं, पण ॲडमिन एकटे भाऊकाका आणि ते सिग्नलला उभे. वहिनींना आपलं डिलीट झालंय याची इतकी खात्री होती की दोन मिनिटांनी त्यांनीही रीतसर हात जोडले, बरोबर किल्लीच्या खाली.

प्रिंट वाचताना यानंतरच्या ओळीवर मी प्रत्येक वेळी थांबतो.

१२ वाजून ३ मिनिटे. अण्णा: 'फार वाईट झालं. माणूस चांगला होता. मी पोचतोच.'

अण्णा बाहेर झाडाखाली भाऊकाकांची वाट बघत उभे होते. फोन खिशातून काढला तर बॅटरी संपत आलेली आणि ग्रुपवर ओळीने जोडलेले हात. वर जाऊन कोण गेलं ते शोधायला वेळ नव्हता, आणि अशा प्रसंगी लगेच दोन शब्द लिहावेत या मताचे ते आहेत, कोण ते नंतर बघता येतं. लिहिलं, पाठवलं, फोन बंद पडला.

म्हटलं तर इथे सगळं संपायला हवं होतं. ज्याला श्रद्धांजली चालू आहे तोच बोलला! पण नाही. कुणीतरी लिहिलं, 'अण्णांच्या फोनवरून कोण आहे?' आणि मी, होय मीच, उत्तर दिलं, 'भाऊकाका असतील, फोन त्यांच्याकडेच असणार.' सगळ्यांना पटलं. 'मी पोचतोच' हे तर 'मी निघतोय'ला अगदी जुळत होतं. आत्याने खाली लिहिलं, 'भाऊ तू एकटा आहेस, सावकाश चालव.' एखादी गोष्ट एकदा ठरली की पुरावासुद्धा तिच्याच बाजूने साक्ष द्यायला लागतो, हे मी इतक्या जवळून पहिल्यांदा बघितलं.

भाऊकाका पोचले, अण्णा मागे बसले, दाखल्याची पावती नीट घडी घालून खिशात ठेवली, आणि निघण्याआधी भाऊकाकांनी सहज फोन बघितला. १४ मिस्ड कॉल. ग्रुपवर ६१ मेसेज. वेळ १२ वाजून २४.

आता त्यांनी जे केलं ते कुणीही केलं असतं. आपली चूक दिसली, ती दुरुस्त करायला गेले. पण पाठवलेला मेसेज बदलायला १५ मिनिटं मिळतात, इथे ४२ झाली होती. डिलीट करायला मात्र अडीच दिवसांपर्यंत मुभा असते, २०१७ मध्ये ही सोय आली तेव्हा सातच मिनिटं मिळायची, सात मिनिटांची सोय असती तर हा पुढचा भाग टळला असता. त्यांनी डिलीट केला. व्यवस्थित, सगळ्यांसाठी.

झालं असं की आता ग्रुपवर सगळ्यात वर 'हा मेसेज डिलीट केला गेला', त्याखाली श्रद्धांजली, त्याखाली हात, किल्ली, परत हात. जे कामात होते आणि आत्ता ग्रुप उघडत होते त्यांना दिसलं की कुणीतरी गेलंय, कोण ते लपवलं जातंय, आणि किल्लीचं काहीतरी प्रकरण आहे. एका आतेबहिणीने थेट विचारलं, 'काय लपवताय आमच्यापासून?'

मग भाऊकाकांनी खुलासा लिहिला. घाईघाईत, स्कूटरवर बसून, त्याच कीबोर्डवर.

'गैरसमज नको. अण्णांचा काळ आला नव्हता. काळ आला होता.'

लगेच दुसरा मेसेज, नुसतीच दुरुस्ती: 'काळ नाही. काळ.'

आत्याने लिहिलं, 'भाऊ, धीर धर रे.'

फिल्म लिहिताना मी इथवर कसाबसा यायचो आणि कुणी हसायचं नाही, ते का हे सांगतो म्हटलं होतं. माझ्या पहिल्या खर्ड्यात सुरुवातच भाऊकाकांच्या मेसेजने होती. प्रेक्षकांनाही तेव्हा अण्णा गेले असंच वाटायचं, मग घरच्यांबरोबर तेही हळहळायचे, आणि शेवटी अण्णा दिसले की सुटकेचा निःश्वास. हसायला जागाच नव्हती, सगळी दुःखी माणसं शहाण्यासारखी वागतायत एवढंच दिसायचं. मी फक्त एक सीन उचलून पुढे आणला. अण्णा खिडकीत उभे आहेत, पलीकडचा माणूस न बघता विचारतो 'हयात आहात ना?' आणि अण्णा म्हणतात 'आत्तापर्यंत तरी.' एवढं बघितल्यावर ग्रुपवरच्या प्रत्येक मेसेजला लोक हसायला लागले. मेसेज तेच होते, एक अक्षर बदललं नव्हतं.

३४ माणसांची पाच केली. किल्लीचा मेसेज काढून टाकावा असं सतीशदादाचं म्हणणं होतं, मी ठेवला. आणि फोनची स्क्रीन शूट करायचा नाद सोडला, ती चमकते, अक्षरं दिसत नाहीत, शिवाय माणसाचा चेहरा जातो. त्याऐवजी मेसेज चेहऱ्याशेजारी हवेत दाखवायचे आणि मोठ्याने दोनदा वाचून होईपर्यंत ठेवायचे, एडिट करताना आपल्याला तो पाठ असतो म्हणून आपण फार लवकर काढून टाकतो. खऱ्या स्क्रीनचा एकच शॉट ठेवला, `kaal` लिहिलेलं, वर तीन शब्द, आणि भाऊकाकांचा अंगठा स्पेसबारवर येताना. मात्र आत्याचं 'भाऊ पूर्ण सांग' कसं दाखवायचं हे मला आजही जमलेलं नाही. तिला ते मोठ्याने बोलत टाइप करायला लावलं तर खोटं वाटतं, नाही लावलं तर विनोद कळत नाही. चौथा खर्डा चालू आहे.

हां, तर धीर धर. आत्याने परत भाऊकाकांना फोन लावला आणि या वेळी लागला. भाऊकाका काही बोलायच्या आत अण्णांनी मागून फोन काढून घेतला, कारण त्यांनाही मघापासून एक गोष्ट विचारायचीच होती. आत्या सांगते की तिने 'हॅलो' म्हटलं आणि पलीकडून अण्णांचा आवाज आला,

'शैला, कोण गं गेलं?'

आत्या किंचाळली, 'तूच!'

घरी पोचल्यावर अण्णांनी फोन चार्जिंगला लावला आणि खुर्ची ओढून पहिल्यापासून सगळं वाचलं, ६१ च्या ६१ मेसेज. मग पावतीचा फोटो काढून टाकला, तारीख आणि शिक्का दिसेल असा, आणि खाली एक शब्द, 'हयात.' त्यावर २९ जणांनी हात जोडले. रात्री उशिरा परदेशातला एक भाऊ उठला, त्याने माझा स्क्रीनशॉट तेवढा बघितला आणि ग्रुपवर येऊन चांगला परिच्छेदभर लिहिलं, अण्णांनी त्याला सायकल कशी शिकवली वगैरे. खूप सुंदर लिहिलं होतं. अण्णांनी त्याला बदाम पाठवला आणि मला खासगीत म्हणाले की हे डिलीट करायला सांगू नकोस त्याला, राहू दे.

झोपायच्या आधी मात्र ते वर गेले, किल्लीचा मेसेज शोधला आणि त्यालाच रिप्लाय केला. मीनलवहिनींना आपला मेसेज अजून सगळ्यांना दिसतोय हे तेव्हा कळलं.

'सूनबाई, किल्ली फ्रेमच्या मागे असते. कपाट जरा जोरात ओढावं लागतं.'